फोटो डंपची कॅप्शन: सलग लिहावी, आकडे घालून लिहावी की फोटोवरच?

इन्स्टाग्रामवर कॅरोसेल, म्हणजे आडवे सरकवत बघायच्या अनेक फोटोंची एकच पोस्ट, २०१७ साली आलं तेव्हा एका पोस्टमध्ये १० फोटो बसायचे. २०२४ पासून २० बसतात. कॅप्शन मात्र अजूनही पूर्ण पोस्टला मिळून एकच, आणि तिची मर्यादा २,२०० अक्षरचिन्हांची. प्रत्येक फोटोखाली वेगळी ओळ लिहायची सोय तिथे नाही. त्यामुळे फोटो डंपमध्ये, म्हणजे फारसं न सजवता एकत्र टाकलेल्या फोटोंच्या पोस्टमध्ये, नऊ-दहा फोटोंतून छोटीशी गोष्ट सांगायची असेल, तर काय लिहायचं याच्याही आधी शब्द ठेवायचे कुठे हे ठरवावं लागतं. वाटा तीन आहेत: फोटोंच्या खाली एक सलग कॅप्शन, खालीच पण १, २, ३ असे आकडे घालून फोटोगणिक एक ओळ, किंवा थेट फोटोवर लिहिलेले शब्द.

निवड करण्याआधी बघणाऱ्याचा अंगठा काय करतो ते लक्षात घ्यायला हवं. त्याच्या समोर पहिला फोटो असतो आणि खाली कॅप्शनच्या जेमतेम दोन ओळी. त्यातही सुरुवातीची जागा खात्याचं नाव खातं. पुढचं वाचायचं तर 'अधिक' वर टॅप करावं लागतं. कॅप्शन खाली उलगडते, आणि ती लांब असेल तर वाचता वाचता फोटो वर सरकून पडद्याबाहेर जातो. म्हणजे फोटो सरकवणं आणि कॅप्शन वाचणं ही दोन कामं एका वेळी होत नाहीत. काही जण आधी सगळे फोटो बघून मग वाचतात, काही आधी वाचतात, आणि बरेच जण दोन्हीपैकी एकच करतात. आपली गोष्ट या तिघांनाही कळायला हवी. कुठल्या पद्धतीत कोणाच्या हातून गोष्ट निसटते, तिथेच खरा फरक पडतो.

एकच उदाहरण तिन्ही पद्धतींनी लिहून बघू. विषय घर बदलण्याचा, फोटो नऊ:

१. रिकामी खोली, कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची
२. मार्करने नावं टाकलेले खोके
३. तळहातावर चाव्यांचा जुडगा
४. जिन्यात अडकलेला सोफा
५. मुलांची उंची पेन्सिलने नोंदवलेली भिंत
६. ट्रकमधून मागे काढलेला, हललेला फोटो
७. नव्या घरात फरशीवर आडवी झालेली मंडळी
८. मेसेजचा स्क्रीनशॉट: 'खुर्ची विसरलात का?'
९. तीच खुर्ची, नव्या घराच्या खिडकीपाशी

इथे गोष्ट आहे ती खुर्चीची. निघताना शेवटची नजर टाकून काढलेल्या पहिल्या फोटोत ती स्पष्ट दिसते आहे आणि तरी ती कोणाच्या लक्षात आली नाही. गंमत टिकायची असेल, तर आठव्या फोटोच्या आधी 'खुर्ची' हा शब्द कुठेही येता कामा नये. तिन्ही पद्धती या एका कसोटीवर लावून बघता येतात.

सलग कॅप्शन

"घर पूर्ण रिकामं झालं, यावर आमचं एकमत होतं. खोके मोजून झाले. सोफा जिन्यातून उतरेपर्यंत तिघांनी तीन वेगळे सल्ले दिले. भिंतीवरची उंची मात्र कुठल्याच खोक्यात बसेना. रात्री नव्या घरात पाठ टेकली आणि फोन वाजला."

एवढंच. मेसेजमध्ये काय होतं ते कॅप्शन सांगत नाही, ते आठवा फोटो सांगतो. जो आधी वाचतो त्याला 'फोन वाजला' या शब्दांमुळे फोटो सरकवावेसे वाटतात. जो आधी बघतो त्याला खाली आल्यावर पहिल्या वाक्यातलं 'एकमत' नव्याने कळतं आणि तो पहिल्या फोटोकडे परत जातो. नुसती कॅप्शन वाचणाऱ्यालाही घर बदलल्याचं आणि काहीतरी मागे राहिल्याचं समजतं. हा तिहेरी उपयोग बाकी दोन पद्धतींना इतक्या कमी शब्दांत साधत नाही.

सलग कॅप्शन बिघडते ती मुख्यतः एका ठिकाणी: लिहिणारा फोटोंच्या क्रमाने वर्णन करत जातो. 'आधी आम्ही खोके भरले, मग चाव्या दिल्या, मग सोफा उतरवला' हे सगळं फोटोत दिसतंच आहे. बघणाऱ्याला दोनदा तेच मिळतं आणि दुसरं वाक्य संपायच्या आत तो निघून जातो. चौकटीत न मावलेलं लिहिलं की कॅप्शनला काम मिळतं: फोटो काढायच्या आधी काय झालं, फोटोतली माणसं काय बोलत होती, कशामुळे उशीर झाला, काय शोधूनही सापडलं नाही. सोफ्याच्या फोटोत सोफा अडकलेला दिसतो, पण तीन वेगळे सल्ले दिसत नाहीत. म्हणून सल्ल्यांचं वाक्य राहतं आणि 'सोफा अडकला' हे वाक्य जातं.

पारखायचा सोपा उपाय असा: कॅप्शनमधल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि हे एखाद्या फोटोत दिसतं का ते बघा. दिसत असेल तर वाक्य काढा. नऊ फोटोंसाठी असं चाळून झाल्यावर चार ते सहा वाक्यं उरली तर प्रमाण ठीक आहे. दहाच्या वर उरली, तर बहुधा दोन गोष्टी एकात शिरल्या आहेत आणि पोस्टही दोन करायला हव्यात.

पहिल्या वाक्याला वेगळा वेळ द्यावा लागतो. 'अधिक' च्या आधी जे दिसतं ते साधारण १२५ अक्षरचिन्हांच्या आसपास तुटतं. फोन आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे थोडं मागेपुढे. मराठीत हा हिशेब फसवा आहे, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'स्वयंपाकघर' हा शब्द डोळ्याला सहा अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत दहा भरतो. त्यामुळे १२५ मध्ये अठरा ते वीस मराठी शब्दच बसतात असं धरून चालावं. वरच्या कॅप्शनचं पहिलं वाक्य ४२ चिन्हांचं आहे, म्हणून ते कुठल्याही फोनवर पूर्ण दिसतं. तेच 'गेले कित्येक दिवस चाललेल्या धावपळीनंतर अखेर काल संध्याकाळी आमचं जुनं घर पूर्णपणे रिकामं झालं' असं असतं, तर दिसणारी बहुतेक जागा वेळकाळानेच खाल्ली असती आणि 'एकमत', म्हणजे ज्यावर गोष्ट उभी आहे तो शब्द, 'अधिक' च्या मागे जायची भीती राहिली असती.

आणखी एक गोष्ट या वाक्यावर अवलंबून असते. पहिल्यांदा न सरकवता पुढे गेलेल्या माणसाला तीच पोस्ट पुन्हा दाखवली जाते, तेव्हा कधी कधी पहिल्याऐवजी दुसरा फोटो समोर येतो. पहिलं वाक्य दुसऱ्या फोटोखालीही शोभायला हवं. 'घर पूर्ण रिकामं झालं' हे वाक्य रिकाम्या खोलीखाली चालतं आणि खोक्यांखालीही. 'हा कोपरा आठवतो का?' असं वाक्य खोक्यांच्या फोटोखाली आलं की त्याचा अर्थच लागत नाही.

आकडे घालून

1 सगळं आवरलं. नीट बघून घेतलं.
2 'स्वयंपाकघर' लिहिलेल्या खोक्यात पुस्तकं आहेत.
3 यातली एक चावी कशाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
4 'थोडं तिरकं करा' असं सगळेच सांगत होते. कोणत्या बाजूला, ते कोणीच नाही.
5 ही भिंत नेता आली नाही.
6 वळणापर्यंत घर दिसत होतं.
7 रात्रीचे अकरा. दिव्याचं बटण अजून सापडलेलं नाही.
8 शेजारच्या काकूंचा मेसेज.
9 तीही आली.

लिहायला ही पद्धत सर्वांत सोपी वाटते, आणि एकेका ओळीत मजाही जास्त मावते. खोक्यातली पुस्तकं, अनोळखी चावी, दिव्याचं बटण या गोष्टी सलग कॅप्शनमध्ये घातल्या असत्या तर धागा तुटला असता. इथे त्या आपापल्या आकड्यापाशी सुखाने बसतात. फोटो एकमेकांशी फारसे जोडलेले नसतील, महिनाभराचे सुटे सुटे क्षण असतील, तर आकडे घालणंच बरं. ओढूनताणून एका परिच्छेदात कोंबलेले सुटे क्षण वाचवत नाहीत.

पण गोष्ट एकच असेल तेव्हा आकडे आड येतात. चौथी ओळ वाचली की वाचणाऱ्याने वर जाऊन चौथा फोटो शोधायचा, मग पुन्हा खाली येऊन पाचवी ओळ शोधायची. तीन-चार फोटोंपर्यंत हे लोक करतात. नऊ फोटोंसाठी नऊ वेळा वरखाली कोणी करत नाही. ते यादी एका दमात वाचून टाकतात. आणि मग आठवी आणि नववी ओळ आठवा-नववा फोटो बघायच्या आधीच वाचून होते. खुर्चीची गंमत आमच्या ओळींत फुटत नाही, कारण 'मेसेज' आणि 'तीही आली' एवढंच लिहिलं आहे. आठव्या ओळीत 'शेजारच्या काकूंनी खुर्चीची आठवण केली' असं असतं, तर पहिला फोटो नीट बघायच्या आतच सगळं संपलं असतं. आकड्यांच्या कॅप्शनमध्ये शेवटच्या दोन ओळी म्हणूनच सर्वांत कमी सांगणाऱ्या असाव्यात. लिहिणाऱ्याचा कल नेमका उलट असतो: शेवटाकडे येताना ओळी लांबत जातात.

मधल्या काही फोटोंना ओळ नसली तरी चालतं, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक आकड्यापुढे काहीतरी लिहायलाच हवं असं धरलं की 'निवांत' किंवा 'आठवणी' असे रिकामे शब्द शिरतात. ज्या फोटोबद्दल सांगण्यासारखं नाही, त्याचा आकडा गाळून सरळ पुढे जावं: 1, 2, 4, 5, 8. बघणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही. उलट ज्यांना ओळ मिळाली ते फोटो महत्त्वाचे आहेत, हे त्याला आपोआप कळतं. सहापेक्षा जास्त ओळी नकोत, असं आमचं मत आहे. वरच्या यादीतूनही ३, ६ आणि ७ गेले तर नुकसान नाही.

आकडे देवनागरीत घालावेत की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण फोटोच्या कोपऱ्यात इन्स्टाग्रामचा मोजणारा आकडा `4/9` असा दिसतो. कॅप्शनमध्येही 4 असेल तर डोळा पटकन जोडी लावतो. म्हणून वरची यादी तशी लिहिली आहे. बाकी मजकूर मराठी असताना एवढे आकडे इंग्रजी दिसतात हे ज्यांना रुचत नाही त्यांनी ४ लिहावं, चूक काही नाही, फक्त जोडी लागायला क्षणभर जास्त लागतो.

या पद्धतीतला सर्वांत वाईट घोटाळा पोस्ट करताना होतो. ओळी लिहून झाल्यावर शेवटच्या क्षणी फोटोंचा क्रम बदलला जातो, किंवा मध्ये एक व्हिडिओ घातला जातो. व्हिडिओलाही क्रमांक मिळतो, आणि त्यापुढची प्रत्येक ओळ एका घराने चुकते. 'ही भिंत नेता आली नाही' सोफ्याखाली येतं. पोस्ट केल्यानंतर एखादा फोटो काढून टाकला तरी हेच होतं. उपाय साधा आहे: क्रम पक्का झाल्याशिवाय आकडे घालायचे नाहीत. ओळी आधी फोनच्या नोट्समध्ये फोटोच्या नावाने लिहाव्यात ('खोके', 'जुडगा', 'भिंत'), फोटो पोस्टमध्ये निवडून क्रम लावून झाला की मगच नावांच्या जागी आकडे. प्रकाशित झाल्यावर एकदा स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवून जुळणी बघावी. कॅप्शन नंतर दुरुस्त करता येते, त्यामुळे ही चूक सापडली तर सुधारते.

फोटोवर लिहिलेले शब्द

इथे शब्द आणि चित्र एकाच वेळी डोळ्यासमोर येतात. कधी काय कळावं हे पूर्णपणे आपल्या हातात राहतं, कारण आठवी स्लाइड आल्याशिवाय आठवे शब्द दिसतच नाहीत. गोष्ट क्रमावर आणि उशिराने उलगडण्यावर उभी असेल, तर या पद्धतीला तोड नाही. 'अधिक' वर टॅप न करणाऱ्यापर्यंतही गोष्ट पोचते.

आमच्या नऊ फोटोंत शब्द फक्त चारांवर येतील. पहिल्यावर 'सगळं आवरलं.', पाचव्यावर 'हे नेता आलं नाही.', सातव्यावर 'रात्री ११:४०', आणि आठव्यावर काहीच नाही, कारण मेसेज स्वतःच बोलतो. नवव्यावर 'दुसऱ्या दिवशी', एवढंच. सातव्यावरची वेळ वाया गेलेली नाही. आठव्या स्क्रीनशॉटवर मेसेजची वेळ ११:४२ दिसत असेल, तर पाठ टेकल्यावर दोन मिनिटांत फोन आला हे कोणी न सांगता कळतं. असं एखादं बारीक टोक जुळलं की बघणारा मागे जाऊन पुन्हा बघतो.

प्रत्येक फोटोवर शब्द टाकले की हा डंप राहत नाही, माहितीपत्रक होतं. फोटो डंपची ओढ त्याच्या न सजवलेपणात असते. हललेला ट्रकमधला फोटो, अर्धवट कापलेला हात, डोळ्यावर आलेला उजेड या गोष्टींनी ती येते. तिथे ठसठशीत अक्षरं आली की बघणारा फोटो बघणं सोडून अक्षरं वाचतो. तिनात एक फोटो शब्दांचा, दोन मोकळे, असं प्रमाण बहुतेक वेळा पुरतं. एका फोटोवर सात-आठ शब्दांच्या वर जाऊ नये.

या पद्धतीला तांत्रिक काळजी सर्वांत जास्त लागते, आणि मराठीत तर जास्तच. कॅरोसेलमधल्या सगळ्या स्लाइडना एकच चौकट लागते आणि ती पहिल्या फोटोवरून ठरते. पहिला फोटो चौरस निवडला आणि पुढचे उभे असतील, तर उभ्या फोटोंचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो. नेमके तिथेच शब्द लिहिलेले असतील तर अर्धी ओळ गायब. म्हणून सगळे फोटो आधीच १०८० × १३५० पिक्सेलच्या, म्हणजे ४:५ च्या उभ्या चौकटीत कापून घ्यावेत आणि मग लिहावं. प्रोफाइलवरची जाळी २०२५ पासून ३:४ ची झाली आहे. तिथे ४:५ चा फोटो डावी-उजवीकडून प्रत्येकी सुमारे ३४ पिक्सेल कापला जातो. पहिल्या फोटोवर शब्द असतील तर दोन्ही बाजूंना शंभरेक पिक्सेल मोकळे ठेवले की प्रश्न मिटतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात `1/9` येतो, खालच्या डाव्या कोपऱ्यात माणसांना टॅग केल्याचं चिन्ह, आणि संगीत जोडलं तर खालच्या उजव्या कोपऱ्यात आवाजाचं बटण. चारही कोपरे टाळावेत.

अक्षराचा आकार ठरवताना लक्षात ठेवायचं ते असं: १०८० पिक्सेलचा हा फोटो फोनवर सात सेंटिमीटर रुंदीत दिसतो. ४८ पिक्सेलचं अक्षर तिथे तीन मिलिमीटरचं होतं, आणि त्यातच वेलांटी, उकार, रफार सगळं मावायचं असतं. देवनागरीसाठी ५६ ते ६४ पिक्सेल हा वाचता येणारा आकार आहे. दोन ओळी असतील तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. बारीक वजनाचा फॉन्ट घेतला तर पानं, गवत, खोके अशा गजबजलेल्या पार्श्वभूमीवर शिरोरेषा नाहीशी होते आणि अक्षरं सुटी पडल्यासारखी दिसतात. मुक्ता किंवा बालू यांसारखे मोफत मिळणारे फॉन्ट मध्यम किंवा ठळक वजनात घेतले तर असं होत नाही. लॅटिन लिपीसाठी बनवलेले सजावटीचे टाइप मराठीला लागतच नाहीत. नाव निवडलेलं दिसतं, पण फोन आपला साधा देवनागरी फॉन्ट घालतो.

काही फोटो-ॲप देवनागरी नीट मांडत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर पडते, जोडाक्षर तुटून पाय मोडलेलं दिसतं. ॲप पारखायला 'निश्चित' आणि 'शक्ती' हे दोन शब्द लिहून बघावेत. हे दोन्ही बरोबर उमटले तर पुढे जायला हरकत नाही. जतन केलेली फाइल फोनच्या गॅलरीत उघडून पुन्हा बघावी, कारण लिहिताना बरोबर दिसलेलं जतन करताना मोडल्याचीही उदाहरणं आहेत.

आणि मुख्य मर्यादा: फोटोवरची चूक पोस्ट झाल्यावर सुधारता येत नाही. 'दुसर्या' आणि 'दुसऱ्या' यातला फरक खटकणारे वाचक असतात. तो फोटो काढून टाकता येतो, पण त्याच्या जागी नवा घालता येत नाही. शिवाय फोटोवरचे शब्द शोधात कॅप्शनइतके भरवशाचे नसतात, भाषांतराची सोय त्यांना लागू होत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर अवलंबून असलेल्यांना ते ऐकू येतीलच असा भरवसा नसतो. त्यासाठी प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट लिहायची जागा असते, आणि तिथे फोटोवरचे शब्द जसेच्या तसे घालावेत: 'रिकामी खोली, कोपऱ्यात लाकडी खुर्ची. फोटोवर लिहिलं आहे: सगळं आवरलं.' ऑल्ट टेक्स्ट कॅप्शनच्या उलट वागतं. तिथे दिसतं तेच लिहायचं असतं, म्हणून खुर्चीही लिहायची. बघणाऱ्याला जी दिसते ती ऐकणाऱ्याला लपवून ठेवायचं कारण नाही.

मग कुठली निवडायची

स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: क्रम उलटा केला तर गोष्ट मोडते का? आमच्या उदाहरणात नववा फोटो पहिला आला तर काहीच उरत नाही. अशा वेळी आकडे टाळा. सलग कॅप्शन आणि फोटोवरचे शब्द यांपैकी निवडा. फोटो स्वतः बोलके असतील, म्हणजे अनोळखी माणसाला नुसते फोटो दाखवून 'काय झालं असेल?' विचारल्यावर तो साधारण बरोबर सांगत असेल, तर सलग कॅप्शन पुरेशी आहे. त्याला सांगता आलं नाही तर एक-दोन फोटोंवर वेळ किंवा जागा सांगणारे शब्द लागतील.

क्रम उलटा करूनही फारसा फरक पडत नसेल, तर आकडे घ्या आणि सहा ओळींत थांबा. अशा डंपला सलग कॅप्शन लिहिली की ती 'या महिन्यात खूप काही घडलं' अशा वाक्याने सुरू होते, आणि त्या वाक्यात कुठल्याच फोटोची सावली नसते.

दोन पद्धतींची सरमिसळ करता येते, पण ठरावीकच. खाली सलग कॅप्शन आणि फोटोंवर फक्त वेळ-जागा ही जोडी छान जमते, कारण दोघांची कामं वेगळी राहतात: खालचे शब्द 'का' सांगतात, वरचे 'कधी'. खाली आकडे आणि फोटोंवरही शब्द ही जोडी मात्र जमत नाही. एकाच फोटोबद्दल दोन ठिकाणी दोन वाक्यं होतात आणि कुठलं आधी वाचायचं ते बघणाऱ्याला कळत नाही. उरलेला मजकूर पहिल्या कमेंटमध्ये टाकायची पद्धतही दिसते. गोष्टीसाठी ती निरुपयोगी आहे. कमेंट उघडेपर्यंत फोटो नजरेआड झालेला असतो.

आमच्या घराच्या नऊ फोटोंसाठी निवड अशी होईल: सलग कॅप्शन, ती 'फोन वाजला' पाशी थांबलेली, आणि फोटोंवर फक्त दोन ठिकाणी शब्द, सातव्यावर वेळ आणि नवव्यावर 'दुसऱ्या दिवशी'. पहिल्या फोटोवर 'सगळं आवरलं' लिहायचा मोह आवरावा लागेल. ते काम 'एकमत' हे वाक्य करतंच आहे, आणि खुर्ची ज्या कोपऱ्यात आहे तिकडे नजर जायला तो फोटो मोकळा हवा. आठव्या फोटोवर शेजाऱ्यांचं नाव, नंबर आणि त्यांचा प्रोफाइल फोटो दिसत असेल तर तेवढा भाग कापून टाकावा, वेळ मात्र राहू द्यावी.

हीच पोस्ट फेसबुकवरही जाणार असेल तर एक बदल लागतो. तिथे अनेक फोटो एकापाठोपाठ एक सरकत नाहीत. पहिले काही फोटो चौकटींच्या जुळणीत एकदम दिसतात आणि बाकीच्यांवर '+५' असा आकडा येतो. क्रमाने उलगडणं तिथे अवघड जातं. पण प्रत्येक फोटो उघडून त्याला स्वतंत्र वर्णन लिहायची सोय तिथे आहे. म्हणून आकडे घातलेल्या ओळी वाया जात नाहीत: त्यांचे आकडे काढून प्रत्येक ओळ आपापल्या फोटोखाली ठेवावी, आणि वरच्या मुख्य मजकुरात फक्त पहिलं वाक्य.